मोडक्या जेट्टीसाठी मच्छिमार सोसायटीचे पत्र

प्रश्न : आमच्या खाडीतल्या जेट्टीचा समुद्राकडचा कोपरा या पावसात खचला. सोसायटीने ग्रामपंचायतीला दोन अर्ज दिले, काहीच झाले नाही. पत्र कुणाला आणि कसे लिहावे?

उत्तर :

मजकुराआधी जेट्टीची मालकी शोधा. एकाच खाडीत एक जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाची, दुसरी मत्स्यव्यवसाय विभागाच्या निधीतून बांधलेली आणि तिसरी जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून झालेली असू शकते. बांधकामावरचा फलक अनेकदा गंजून गेलेला असतो. तेव्हा सोसायटीच्या दप्तरातले जुने ठराव आणि हस्तांतरणाची कागदपत्रे पाहा. तिथेही काही मिळाले नाही, तर पत्र जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नावे द्या, प्रत प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांना पाठवा आणि 'जेट्टी आपल्या अखत्यारीत नसल्यास पत्र संबंधित कार्यालयाकडे वर्ग करून आम्हांस कळवावे' हे वाक्य घाला. ग्रामपंचायतीचा ठराव जोडायला चांगला, पण समुद्रातल्या काँक्रीटची दुरुस्ती तिच्या आवाक्याबाहेरची असते.

आता नुकसानीचे वर्णन. 'जेट्टीची दुरवस्था झाली आहे' एवढ्या वाक्यावरून कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सुकती सर्वांत खाली जाते, त्या वेळी होडीने जेट्टीखाली जा. भरती-सुकतीच्या पट्ट्यात खांब आळीपाळीने भिजतात आणि वाळतात. खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरून आतल्या सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतूनच फुटते. तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेली उभी चीर आणि मग सुटलेली खपली असा हा क्रम असतो. प्रत्येक खांबाजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा आणि खांबांना किनाऱ्याकडून क्रमांक द्या. मधला मजकूर साधारण असा येईल (आकडे आणि तारीख नमुन्यादाखल आहेत) :

"किनाऱ्याकडून मोजता सहाव्या ते आठव्या खांबादरम्यान स्लॅबचा सुमारे १२ मीटर लांबीचा भाग समुद्राकडे झुकला असून सातव्या खांबाच्या सळया सुकतीच्या वेळी उघड्या दिसतात. नौका बांधण्याचे दोन खुंटे उखडले आहेत व उतरण्याच्या पायऱ्यांपैकी खालच्या चार पायऱ्या वाहून गेल्या आहेत. दि. ४ ऑगस्टपासून आमच्या नौका प्रवाहात नांगरून मासळी लहान होडीने उतरवावी लागत आहे."

शेवटच्या वाक्यापुढे नौकांची संख्या लिहा. ती डिझेल कोट्याच्या यादीतून घ्या, कारण तीच यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयातही असते आणि आकडा तिथल्या तिथे पडताळता येतो. 'शेकडो कुटुंबे उद्ध्वस्त' यापेक्षा तो आकडा फायलीत अधिक काम करतो.

मागण्या दोनच ठेवा आणि त्या वेगवेगळ्या लिहा. पहिली तातडीची : खचलेल्या भागावर अडथळे व फलक लावून तिथली वर्दळ बंद करावी आणि उरलेला भाग किती भार सोसू शकतो, हे लेखी कळवावे. बर्फाची गाडी कुठपर्यंत न्यायची, हे सोसायटीने अंदाजाने ठरवणे धोक्याचे आहे. दुसरी कायमची : स्ट्रक्चरल ऑडिट करून दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करावे. 'प्लास्टर करून द्यावे' असे तुम्ही स्वतः लिहिलेत, तर प्लास्टरच होईल. आत सळई गंजत राहील आणि वरचा थर काही पावसाळ्यांत सुटेल. दुरुस्तीची पद्धत त्यांनाच ठरवू द्या. खाडीतला गाळ काढण्याची मागणी याच पत्रात घालण्याचा मोह होतो, तो टाळा. त्याचे सर्वेक्षण आणि मंजुरी वेगळी लागते, आणि दोन्ही विषय एका फायलीत गेले की एकासाठी दुसरा अडकतो. गाळाचे पत्र स्वतंत्र द्या.

वेळेचेही गणित आहे. आपल्याकडे यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. नौका किनाऱ्याला असतात म्हणून 'बंदीच्या काळात दुरुस्ती करा' असे सुचवावेसे वाटते, पण उसळत्या पाण्यात खांबांचे काम होत नाही. पाहणी, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता आणि निविदा एवढे टप्पे पार पडून मेपूर्वी काम उरकायचे असेल, तर पत्र सप्टेंबरमध्ये पोहोचायला हवे. काम हंगामातच होणार असल्याने त्या काळात नौका कुठे लावता येतील, हेही एका वाक्यात सुचवा. अभियंत्याचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, अध्यक्ष व सचिव दोघांच्या सहीने आणि संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत जोडून द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. महिनाभरात पाहणी झाली नाही, तर स्मरणपत्रात तो आवक क्रमांक लिहा. त्यानंतरही शांतता असेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. त्यात 'काम का होत नाही' असे विचारू नका, कारण त्याला उत्तर देणे बंधनकारक नसते. 'आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणीची आणि पाहणी अहवालाची प्रत द्यावी' असे मागा. त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते, आणि फाईल कोणत्या टेबलावर थांबली आहे ते त्या टिपणीवरच्या सह्यांवरून कळते.