ऊसबिल, शाळेची फी आणि बचतीचा दर

प्रश्न: सांगलीत राहतो. पगार आहे, शिवाय गावाकडचं ऊसबिल येतं. वर्षभर शीटमध्ये खर्च लिहिला. बचतीचा दर कधी ७५ टक्क्यांवर जातो, कधी उणे ५० च्याही खाली. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. बारा महिन्यांची सरासरी काढली तर फार कमी येते, पण खात्यात पैसे त्यापेक्षा जास्त आहेत. माझं कुठे चुकतंय?

तुमच्या नोंदी बरोबर असाव्यात. चुकते आहे ती टक्क्यांची सरासरी. मी विश्रामबागला राहते, आमचा ऊस वाळवा तालुक्यात आहे, आणि पहिल्या वर्षी माझ्या शीटचं अगदी हेच झालं होतं. आमचेच आकडे थोडे गोळाबेरीज करून मांडते.

पगार महिना ४२,००० आणि नेहमीचा घरखर्च ३१,०००. म्हणजे साध्या महिन्यात ११,००० उरतात, दर २६ टक्के. जूनमध्ये शाळेची फी ३६,००० गेली, त्या महिन्याचा दर उणे ५९.५. सप्टेंबरात विम्याचे २४,००० गेले, दर उणे ३१. ऑक्टोबरात दिवाळीचे १८,००० गेले, दर उणे १६.७. जानेवारीत ऊसबिलाचे ९०,००० जमा झाले आणि दर एकदम ७६.५ वर गेला. या बारा टक्क्यांची सरासरी जेमतेम १५ येते.

आता वर्षाची रक्कम बघा. जमा ५,९४,०००, खर्च ४,५०,०००, उरले १,४४,०००. खरा दर २४ टक्के. फरक पडतो कारण सरासरी काढताना जानेवारीचे १,३२,००० आणि जूनचे ४२,००० यांना सारखंच वजन मिळतं. ऊसबिलाचा महिना बारातला फक्त एक धरला जातो, पण वर्षाच्या जमेत त्याचा वाटा पाचव्या हिश्शाहून जास्त आहे. म्हणून टक्क्यांची सरासरी कधीच काढू नका. आधी रुपये जोडायचे, मग भागायचं.

माझी शीट अशी आहे. 'नोंद' या पानावर चारच रकाने: तारीख, वर्ग, तपशील, रक्कम. 'सारांश' या पानावर A रकान्यात प्रत्येक महिन्याची पहिली तारीख. पहिल्या ओळीत B ते H मध्ये खर्चाचे सात वर्ग: किराणा, दूध, वीज-गॅस, प्रवास, शिक्षण, औषधपाणी, इतर. I मध्ये बचत आणि J मध्ये जमा. B2 मध्ये हे सूत्र लिहून J पर्यंत आणि खाली ओढायचं:

```
=SUMIFS('नोंद'!$D:$D,'नोंद'!$B:$B,B$1,'नोंद'!$A:$A,">="&$A2,'नोंद'!$A:$A,"<"&EDATE($A2,1))
```

K मध्ये एकूण खर्च, `=SUM(B2:H2)`. यात I मुद्दाम घेतलेला नाही. आरडी, एसआयपी, पीपीएफ यांचे पैसे खात्यातून जातात म्हणून पुष्कळ जण ते खर्चात धरतात, आणि मग जितकी जास्त बचत कराल तितका दर खाली दिसतो. खात्यातले पैसे आकड्याशी जुळत नाहीत असं तुम्ही म्हणता, तेव्हा हेही एकदा तपासा. क्रेडिट कार्डाचं तसंच. वस्तू घेतली त्या दिवशी लिहिली असेल, तर महिन्याअखेरीस भरलेलं कार्डाचं बिल पुन्हा लिहायचं नाही.

L मध्ये महिन्याचा दर ठेवा, पण तो आलेखात घेऊ नका. आलेखासाठी M:

```
=100*(1-SUM(K$2:K2)/SUM(J$2:J2))
```

हा पहिल्या महिन्यापासून आजपर्यंतचा दर. बारा महिने पूर्ण झाले की, म्हणजे तेराव्या ओळीपासून, सूत्र बदलून मागच्या बारा महिन्यांचं करायचं आणि तेच खाली ओढायचं:

```
=100*(1-SUM(K2:K13)/SUM(J2:J13))
```

पहिल्या वर्षात मात्र ही रेषा घाबरवते, ते आधीच सांगून ठेवते. आमच्या आकड्यांत एप्रिल-मे २६ टक्के, जूनअखेर उणे २.४, डिसेंबरअखेर फक्त ५.६. जानेवारीत बिल आलं आणि रेषा २३.९ वर गेली. डिसेंबरचे ५.६ बघून मी त्या वर्षी मुलीचा स्वेटर घ्यायचा पुढे ढकलला होता, आणि अजूनही ते मला टोचतं. वर्षातला प्रत्येक मोठा खर्च आणि मोठी जमा एकदा येऊन जात नाही, तोवर त्या रेषेवरून काही ठरवू नका.

काही जण फी, विमा आणि दिवाळी यांचे ७८,००० बाराने भागून दर महिन्याला ६,५०० टाकतात. मला ते पटत नाही. मग नोंद पासबुकाशी जुळत नाही, आणि चूक शोधायची वेळ आली की हातात धरायला काही उरत नाही. 'नोंद' पानावर खरी तारीख आणि खरी रक्कम असू द्या, वर्षभरात वाटून बघण्याचं काम M रकान्याला करू द्या.

उसाच्या घरात या पद्धतीची एक मर्यादा आहे. गेल्या वर्षी बिल जानेवारीत आलं आणि यंदा तोड लवकर लागून डिसेंबरातच जमा झालं, तर डिसेंबरच्या बारा महिन्यांत दोन बिलं येतात आणि दर उगीच फुगतो. यंदाचं बिल फेब्रुवारीत गेलं तर जानेवारीच्या बारा महिन्यांत एकही बिल नसतं आणि दर कोसळतो. रेषा एका महिन्यात पाच-सात टक्क्यांनी हलली की आधी J रकाना बघायचा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आलेख साधा रेषेचा, A आणि M एवढाच. उभ्या अक्षाची मर्यादा स्वतः घाला, आम्ही ० ते ४० ठेवली आहे (पहिल्या वर्षी रेषा शून्याखाली जाते, तेव्हा खालची उणे १० करा). आपोआप सोडली तर शीट २३ ते २५ एवढाच पट्टा ताणून दाखवते आणि अर्ध्या टक्क्याचा फरक डोंगराएवढा वाटतो. पुढच्या रिकाम्या महिन्यांच्या ओळी आलेखात घेऊ नका.

बेरजेवर विश्वास ठेवण्याआधी दोन तपासण्या करा. पहिली N मध्ये, उत्तर शून्य यायला हवं:

```
=SUMIFS('नोंद'!$D:$D,'नोंद'!$A:$A,">="&$A2,'नोंद'!$A:$A,"<"&EDATE($A2,1))-SUM(B2:J2)
```

शून्य नसेल तर कुठला तरी वर्ग वेगळा लिहिला गेलाय. आमच्याकडे मी 'दूध' लिहायचे आणि हे 'दुध'. शीटला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे ह्यांनी लिहिलेलं दूध कुठल्याच बेरजेत नव्हतं. `Data validation` मधून वर्गाची यादी लावून दिली, तेव्हापासून तो प्रश्न मिटला.

दुसरी तपासणी तारखांची, कारण बिघडलेली तारीख पहिल्या तपासणीत पकडली जात नाही. ती दोन्ही बाजूंच्या बेरजेतून गळते.

```
=COUNTA('नोंद'!A2:A2000)-COUNT('नोंद'!A2:A2000)
```

इथेही शून्य हवं. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर 13/4 ही तारीख न राहता नुसता मजकूर होतो आणि चौकटीत डावीकडे चिकटून बसतो. 5/4 मात्र गुपचूप ४ मे होते, आणि ती या सूत्रालाही सापडत नाही. डावीकडे सरकलेली एक जरी तारीख दिसली, तरी गूगल शीट्समध्ये `File` → `Settings` → `Locale` मध्ये India निवडा आणि आधी लिहिलेल्या १ ते १२ तारखांच्या सगळ्या नोंदी पासबुक समोर ठेवून पुन्हा बघा. मला एका रविवारी दोन तास लागले होते.