शाळेच्या ॲडमिशनच्या साइटसाठी डेव्हलपरला काय काय हवंय त्याचं डॉक्युमेंट लिहिताय ना, मग हे बघा

'साइट अपडेट करता आली पाहिजे' एवढंच लिहू नका हो, त्याचा अर्थ डेव्हलपर स्वतःच्या सोयीने लावतो. सरळ लिहा की ऑफिसमधल्या मॅडम मोबाईलवरून लॉगिन करून नर्सरीच्या फॉर्मची शेवटची तारीख बदलतील आणि ती होमपेज, नोटीस, नर्सरीचं पान सगळीकडे एकदमच बदलेल. नाहीतर एका पानावर जुनी तारीख राहते आणि पालक दादरहून गेटवर येऊन भांडतात. डेव्हलपरला शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मॅडमकडूनच हे करून घ्या, डेव्हलपरने करून दाखवलेलं धरू नका. आणि ऑनलाइन फॉर्म, फी भरणं या कामात नाही हेही लिहाच, नंतर 'एवढं तर टाकून दे' सुरू होतं. डोमेन मात्र शाळेच्याच ईमेलवर घ्या.