दोन पुरुष बरोबर तीन स्त्रिया

अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल मिळाला. लिंगभेदाचा अभ्यास म्हटला की सगळे भाषेच्या पुस्तकातल्या गोष्टींकडे वळतात. तू गणितातलं काळ-काम-वेगाचं प्रकरण घेतलंस, ते मला आवडलं. पण दुसऱ्याच पानावर 'पुरुष पात्रं 17, स्त्री पात्रं 15, म्हणजे प्रकरण साधारण समतोल' असा निष्कर्ष आला आणि मी अहवाल बाजूला ठेवून पुस्तक उघडलं.

सरावसंचातलं चौदावं उदाहरण काढ. '12 पुरुष किंवा 18 स्त्रिया एक काम 14 दिवसांत पूर्ण करतात, तर 8 पुरुष आणि 16 स्त्रिया मिळून तेच काम किती दिवसांत पूर्ण करतील?' यात कुणाचं नाव नाही, म्हणून तुझ्या मोजणीत ते आलंच नाही. पण ते वहीत सोडवून पाहा. पहिली पायरी काय लिहावी लागते? '12 पुरुष = 18 स्त्रिया.' सहाने भागलं की '2 पुरुष = 3 स्त्रिया.' मग 8 पुरुषांच्या जागी 12 स्त्रिया धरायच्या, त्यात 16 मिळवायच्या, झाल्या 28. 18 गुणिले 14 म्हणजे 252, भागिले 28, उत्तर 9 दिवस. गणित बरोबर आहे. फक्त ते करताना वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला स्वतःच्या अक्षरात 'दोन पुरुष बरोबर तीन स्त्रिया' असं लिहावं लागतं. त्याखेरीज उत्तर निघत नाही. गोष्टीतल्या आईकडे मूल कदाचित दुर्लक्ष करेल, पण ही ओळ त्याला पायरी म्हणून मान्य करावी लागते आणि तिला गुणही असतात.

आता हे तिथे आलं कशासाठी, तेही समजून घे, नाहीतर पर्याय सुचवताना चूक होईल. या प्रकारच्या उदाहरणाचा हेतू एकच: वेगवेगळ्या गतीने काम करणारे दोन गट घ्यायचे आणि एका गटाचं काम दुसऱ्याच्या भाषेत मांडायचं. लेखकाला दोन असमान गट हवे होते, त्याने हाताशी आले ते घेतले. त्यात दुष्ट हेतू शोधू नकोस, आणि अहवालात लेखकाच्या मनाविषयी एक वाक्यही लिहू नकोस. ते सिद्ध करता येत नाही आणि समोरचा माणूस लगेच बचावाला उभा राहतो.

पर्याय पारखायला मी एकच प्रश्न विचारेन: गतीतला फरक कशामुळे आहे, हे उदाहरणातच दिसतं का? '12 मोठे पंप किंवा 18 छोटे पंप एक टाकी 14 तासांत रिकामी करतात, तर 8 मोठे आणि 16 छोटे पंप मिळून तीच टाकी किती तासांत रिकामी करतील?' पंप लहान-मोठे आहेत, फरकाचं कारण समोर आहे. पायऱ्या त्याच, उत्तर तेच 9. माणसंच हवी असतील तर '12 अनुभवी कारागीर किंवा 18 शिकाऊ कारागीर' घे. कारण पुन्हा उदाहरणातच आहे, आणि शिकाऊ माणूस उद्या अनुभवी होतो. 'स्त्री'चं तसं होत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: पुरुषांची ताकद जास्त असतेच, मग चूक काय? उत्तर उदाहरणातच शोध. तिथे फक्त 'एक काम' म्हटलंय. कोणतं काम, ते सांगितलेलंच नाही. ओझं उचलायचंय की हिशेब तपासायचेत, कुणाला ठाऊक? काम कोणतंही असो, स्त्री दोन तृतीयांशच, असा त्याचा अर्थ होतो. ताकदीचा मुद्दाही इथे टिकत नाही, मग बाकीचं बोलायलाच नको.

आता तुझ्या 17 आणि 15 कडे येऊ. तू नावं मोजलीस. नावं मोजणं सोपं असतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि बरेचजण तिथेच थांबतात. त्याऐवजी प्रत्येक माणसासमोर त्याचं क्रियापद लिही. मी तसं करून पाहिलं. पुरुष भिंत बांधतात, विहीर खोदतात, ट्रक चालवतात, ठेका देतात, मजूर नेमतात. स्त्रिया विणतात, शिवतात, चालत जातात आणि 'मदत करतात'. 'मदत' या शब्दाखाली मी लाल रेघ मारली आहे. सातव्या उदाहरणात अमित एक काम 10 दिवसांत करतो, मीनाने 'त्याला मदत केली' तर ते 6 दिवसांत होतं, आणि मीना एकटी किती दिवस घेईल हे काढायचं. एक षष्ठांशातून एक दशांश वजा केलं की एक पंधरांश उरतो, म्हणजे 15 दिवस. रोज कामाचा पंधरावा हिस्सा उरकणारी मीना, तरी काम अमितचं आणि तिची ती मदत. 'अमित आणि मीना मिळून' एवढं केलं की भागतं.

मीना हळू आहे, ही मात्र चूक नाही. कुणीतरी हळू असणारच, त्याशिवाय उदाहरण होत नाही. खोट कळते ती सगळ्या जोड्या एका खाली एक लिहिल्यावर. प्रकरणात एक पुरुष आणि एक स्त्री मिळून काम करतात अशी पाच उदाहरणं आहेत, आणि पाचही ठिकाणी जास्त दिवस स्त्रीलाच लागतात. सुटं उदाहरण निर्दोष असतं, रांगेतून पॅटर्न दिसतो. म्हणून अहवालात 'सातवं उदाहरण पक्षपाती आहे' असं न लिहिता 'पाचपैकी पाच' असं लिही. टक्केवारी मात्र काढू नकोस. पाचाचे शंभर टक्के भारदस्त दिसतात, पण पाच ते पाचच.

इथे माझी एक फजिती सांगण्यासारखी आहे. पहिल्यांदा असं प्रकरण दुरुस्त केलं तेव्हा उत्साहाच्या भरात मी सगळ्या जोड्या उलट्या केल्या. प्रत्येक ठिकाणी मुलगी वेगवान, मुलगा रेंगाळणारा. ती उदाहरणं वर्गात दिली, तर पाचव्या-सहाव्या उदाहरणाशी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सगळीकडे आम्हीच का आळशी?" मी कित्येक वर्षं पुस्तकं वाचून जे ओळखायला शिकलो... छे, जे मला उमगलं, ते त्याला वीस मिनिटांत दिसलं होतं. तेव्हापासून पाच जोड्या असतील तर दोन-तीन तशाच ठेवायच्या, बाकीच्या फिरवायच्या, आणि कोणत्या फिरवायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, हा माझा नियम झाला.

(वरच्या खाडाखोडीकडे लक्ष गेलं ना? ती मुद्दाम तशीच ठेवली आहे, तिच्याविषयी आता लिहायचंच आहे.)

तुझ्या तक्त्यात 'लिंग अनिश्चित' असा एक रकाना आहे आणि त्यात 11 जण बसवलेस: गवंडी, ड्रायव्हर, मजूर, ठेकेदार, पेंटर. त्यांना नाव नाही हे खरं. पण वाक्यं वाच: 'एक पेंटर खोली 8 तासांत रंगवतो', 'ड्रायव्हर ताशी 60 किमी वेगाने गाडी चालवतो'. आपल्या भाषेत 'रंगवतो' म्हटलं की विषय संपला. हे अकराही पुरुष आहेत. म्हणजे तुझी बेरीज 17 नसून 28 आहे आणि समोर 15. मराठी पुस्तक तपासायचं तर नामांइतकीच क्रियापदांची शेपटं पाहावी लागतात.

आणि त्यातून सुटकाही मराठीतच आहे. 'ड्रायव्हरने 180 किमी अंतर 3 तासांत कापलं' असं लिही. आता क्रियापद अंतरामागे गेलं, ड्रायव्हर कोण ते कळत नाही. अनेकवचन केलं तरी तेच: 'पेंटर खोली रंगवतात.' तुला लिहिलेल्या या पत्रातही तू मुलगा की मुलगी हे कुठे उघड होत नाही, तपासून पाहा. माझंही झालं नसतं, पण तेवढी एक खाडाखोड नडली.

तरीही सगळीच वाक्यं अशी झाकू नकोस. हे पत्र तिसऱ्या कुणाला दिलं तर तुझं एक चित्र त्या वाचणाऱ्याच्या मनात उभं राहीलच, आणि झाकलेली जागा माणूस सवयीने भरतो. 1983 साली डेव्हिड चेंबर्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 4,807 लहान मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. शास्त्रज्ञ स्त्री की पुरुष, याचा उल्लेख नव्हता. स्त्री शास्त्रज्ञ काढली फक्त 28 जणांनी, आणि त्या सगळ्या मुली होत्या. म्हणून अकरांपैकी चार-पाच वाक्यं झाक, तीन-चारांत उघडपणे 'पेंटर खोली रंगवते', 'ड्रायव्हर गाडी चालवते' असं छाप. 'महिला पेंटर' किंवा 'लेडी ड्रायव्हर' नको. 'रंगवते'ने काम झालेलं असताना 'महिला' जोडलं की ती अपवाद ठरते. उरलेल्या वाक्यांत पुरुष राहू देत.

बदल कुठे करायचे यालाही महत्त्व आहे. प्रकरणात सहा सोडवलेली उदाहरणं आहेत आणि त्यांत नावाची स्त्री एकच, तीही चालत जाणारी. सोडवलेलं उदाहरण फळ्यावर येतं, मोठ्याने वाचलं जातं, परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहिलं जातं. सरावसंचातलं अठरावं उदाहरण बरेच वर्ग गाठतही नाहीत. नव्या नायिका शेवटच्या पानावर कोंबण्यापेक्षा पहिल्या सहांतली दोन बदललीस तर त्याचा उपयोग जास्त.

शिफारशींचा तक्ता असा कर: डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे नवं, खाली दोन्हीचं उत्तर. आकडे बदलू नकोस. आकडा बदलला की उत्तरसूची बदलते, काठिण्य बदलतं आणि समितीला सगळं नाकारायला कारण मिळतं. वाक्याची लांबीही मूळच्या जवळ ठेव. एक ओळ वाढली की पानाची मांडणी सरकते, आणि छपाईच्या तोंडावर अशी सूचना आधी वगळली जाते. पंपाचं उदाहरण मी मोजलं, मूळच्यापेक्षा थोडं लांब आहे. 'मिळून' काढून पाहा, बसतं का.

नऊ आणि एकवीस ही उदाहरणं मात्र यादीतून वगळ. नवव्यात गौरी शिवते म्हणून तू खूण केलीस, पण तिचं शिवणकामाचं दुकान आहे, ती ऑर्डर घेते आणि दोन कारागीर नेमते. प्रकरणात माणसं नेमणारी ती एकटीच स्त्री आहे. एकविसाव्यात नुसते नळ आणि हौद आहेत.