दारू न पिणाऱ्याचं स्वादुपिंड

प्रश्न: माझे मिस्टर दारूला शिवत नाहीत, तरी त्यांना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस निघालाय. हे कशाने होतं? पुढे कॅन्सर होतो का?

दारूशिवायही स्वादुपिंडाची ही जुनाट सूज होते. आमच्या घरच्यांना हे पटवता पटवता माझा घसा कोरडा पडला, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ फोंड्यात दुकान चालवतो, थेंबभर घेत नाही. जेवण झालं की थोड्या वेळाने पोटाच्या वरच्या भागात कळ यायची ती थेट पाठीत जायची. आडवं झालं की वाढायची, म्हणून रात्रभर उशी पोटाशी दाबून पुढे वाकून बसायचा. रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एन्झाइम, नॉर्मल आलं म्हणून गॅसच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. जुन्या आजारात ग्रंथी बरेचदा इतकी झिजलेली असते की अमायलेज वाढत नाही. त्या नॉर्मल रिपोर्टवरून आजार नाही असं ठरत नाही. पुढे सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या नळीत खडे दिसले आणि काकांनी वहिनीदेखत निकाल देऊन टाकला, 'लपून हुर्राक पितो.'

एका डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम बघितलं. 11.8 निघालं, ते साधारण 10.5 च्या आत हवं. पॅराथायरॉइडचं हार्मोनही वाढलेलं. मानेतल्या त्या इवल्याशा ग्रंथीवर साधी गाठ होती आणि तिच्यामुळे वाढलेलं कॅल्शियम स्वादुपिंड बिघडवत होतं. गाठ काढली, कॅल्शियम खाली आलं, खडे शॉकवेव्हने फोडून नळी मोकळी केली. कळा खूप कमी झाल्या. पण झिजलेली ग्रंथी परत येत नाही. शौच तेलकट होऊन भांड्याला चिकटायची, म्हणून अजून प्रत्येक जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घेतो.

तेव्हा मिस्टरांचं कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड तपासलंय का ते विचारा. वय कमी असेल तर जनुकीय कारणही असतं. सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद; दारू नसली तरी ती एकटीही पुरते.

कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेकांना होत नाही. माझ्या मते लोक दुखण्याला घाबरतात आणि न दुखणाऱ्या काविळीला झाडपाला देतात. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची कॅन्सरची गाठ पित्तनळी दाबते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातकट पांढरी, अंगाला खाज, आणि पोट मात्र शांत. अशा वेळी कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊ नका, त्याच आठवड्यात बिलिरुबिन आणि सोनोग्राफी करून घ्या, पित्तनळी फुगलेली दिसली तर सीटी. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह आणि वजन उतरणं, किंवा नेहमीची कळ बदलून सततची होणं, हेही डॉक्टरांना सांगा.

अशी कावीळ पित्ताच्या खड्याने किंवा औषधानेही होते, आणि शेपटीकडच्या गाठीत बहुधा होतच नाही, तिथे दुखणंच आधी येतं. मिस्टरांना डॉक्टरांकडे नेताना तुमच्या घरातल्या काकांना मात्र सोबत नेऊ नका. माझ्या भावाने आमच्या काकांसमोर तेलकट शौचाचं कधी सांगितलंच नव्हतं.