‘१० लाख व त्याहून अधिक’ : शेवटच्या ओळीमुळे अडलेली सरासरी

प्रश्न : सर, मुलीला इंजिनिअरिंगला घालायचंय, त्यासाठी कर्ज काढावं लागेल. एका कॉलेजच्या पत्रकात ६० मुलांच्या वार्षिक पॅकेजचा तक्ता आहे. २ ते ४ लाख : २४ मुलं, ४ ते ६ : २०, ६ ते ८ : ८, ८ ते १० : ४, आणि १० लाख व त्याहून अधिक : ४. मुलीनं वर्गमध्य धरून सरासरी ५.१३ लाख काढली. कॉलेज ६.४ लाख सांगतंय. कोण चुकतंय?
— एक पालक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर : मुलीचा गुणाकार बरोबर आहे आणि कॉलेजचा आकडाही खोटा असेलच असं नाही. दोघांमधला फरक बहुतेक त्या शेवटच्या चार मुलांमुळे पडलाय.

पहिल्या चार ओळींत मुलीनं वर्गमध्य घेतले : ३, ५, ७ आणि ९. त्यांना मुलांच्या संख्येनं गुणून ५६ मुलांची बेरीज २६४ लाख येते. ती अंदाजे असली तरी तिची चूक हाताबाहेर जात नाही. २ ते ४ मधला मुलगा काही झालं तरी दोनच्या खाली किंवा चारच्या वर नसतो, म्हणजे दर मुलामागे चूक जास्तीत जास्त एक लाखाची.

पाचव्या ओळीला वरची हद्दच नाही, त्यामुळे तिला वर्गमध्यही नाही. मुलीनं ११ धरला असणार, कारण आधीच्या वर्गांची रुंदी दोन आहे म्हणून हा वर्गही १० ते १२ समजायचा, ही शाळेतली रीत. परीक्षेत तिला गुण मिळतात, पण तो तक्त्यातून निघालेला आकडा नव्हे, आपण घातलेला आहे. चार मुलांची सरासरी ११ धरली तर एकूण सरासरी ५.१३ लाख येते. २० धरली तर ५.७३. ३० धरली तर नेमकी ६.४, म्हणजे कॉलेजचा आकडा. तक्ता तिन्ही वेळा तोच आहे. तिघांनी १० लाख आणि एकानं परदेशातल्या नोकरीचं ९० लाखांचं पॅकेज घेतलं, तरी चौघांची सरासरी ३० होते.

तुम्ही फौंड्रीच्या गावातले, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. कास्टिंग वजनावर विकलं जातं. चलनावर ‘५० किलो व त्याहून जड : ४ नग’ एवढंच लिहिलं, तर त्या चार नगांचं बिल करता येईल का? काट्यावर चढवल्याशिवाय नाही. कमीत कमी २०० किलो, एवढंच म्हणता येईल. इथंही तसंच आहे : चौघांचे मिळून किमान ४० लाख हे नक्की, त्यावर किती ते तक्त्यात नाही.

कॉलेजचा आकडा उलट्या बाजूनं तपासता येतो. ६.४ गुणिले ६० म्हणजे ३८४ लाख. त्यातून २६४ वजा केले की चौघांचे १२० उरतात, म्हणजे सरासरी ३० लाख. ५६ मुलांच्या बेरजेत एकाच बाजूला पूर्ण चूक धरली, तरी चौघांची सरासरी १६ ते ४४ लाखांच्या मध्येच पडते. म्हणून कॉलेजात जाल तेव्हा या चौघांच्या पॅकेजची बेरीज विचारा. ‘सर्वात मोठं पॅकेज ४२ लाख’ एवढं सांगितलं तर ते पुरेसं नाही, त्यातून बेरजेच्या फक्त खालच्या-वरच्या मर्यादा कळतात, नेमकी बेरीज नाही. ती बेरीज ६४ लाखांच्या खाली असेल, तर ६.४ हा आकडा या तक्त्याशी जुळतच नाही.

उघडा वर्ग खालच्या टोकाला असता, समजा ‘४ लाखांपेक्षा कमी’, तर इतकी अडचण नव्हती. पगार शून्याखाली जात नाही, म्हणून तिथली चूक आपोआप बांधली जाते. पगाराच्या वरच्या टोकाला असं कुंपण नसतं.

कर्जासाठी मी सरासरी वापरायला सांगणार नाही, मध्यक वापरा. पॅकेज चढत्या क्रमानं लावली तर ३० वा आणि ३१ वा मुलगा दोघंही ४ ते ६ लाखांत येतात. पहिल्या वर्गात २४ जण, म्हणून पुढच्या २० पैकी आणखी ६ जण मोजायचे : ४ + (६ ÷ २०) × २ = ४.६ लाख. शेवटच्या चौघांना ११ मिळोत की ९०, हा आकडा हलत नाही. तोही वर्गाच्या आतला अंदाजच आहे, पण दोन्ही बाजूंनी बांधलेला.

त्याच तक्त्यात ६० पैकी २४ मुलं चार लाखांच्या आत आहेत. हप्ता बसवताना तीन लाखांवर एकदा हिशेब करून बघा, आणि पॅकेजपैकी हातात किती पडतं हे वेगळं विचारा. शिवाय हे ६० म्हणजे वर्गातली सगळी मुलं की फक्त नोकरी लागलेली, हेही विचारून घ्या. बाकीची मुलं तक्त्यात धरलीच नसतील तर मध्यकही खाली येईल.