भिंतीवरचे कप्पे: वर दुष्काळ, खाली चिखल

प्रश्न: भिंतीवर लटकवलेल्या कापडी कप्प्यांत वरची रोपं माना टाकतात आणि खालच्या कप्प्यांत चिखल राहतो. पाणी किती आणि कधी घालू?

आधी पाणी वाढवणं थांबवा. मी वाढवलं होतं, म्हणून सांगते.

लातूरला आमच्या गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला फेल्टचे पाच ओळींचे कप्पे आहेत. पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या ओळीतला पुदिना दुपारी मान टाकायला लागला. आमचे धाकटे दीर शेतात उसाला ठिबक करतात. ते म्हणाले, "वहिनी, पाणी कमी पडतंय. वरून अजून घाला, खाली आपोआप उतरतंय." मी रोज बादलीभर ओतायला लागले. पंधरा दिवसांत खालच्या ओळीतला मनी प्लांट पिवळा पडला. उपटला तर मुळं तपकिरी, बोटानं दाबलं की साल सुटत होती, आणि आंबूस वास. वरचा पुदिना होता तसाच.

मग एकदा वरच्या कप्प्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि लगेच बोट खुपसलं. वरचं पेरभर ओलं, आत कोरडं ठक्क. कोकोपीट कडक वाळलं की लवकर पाणी धरत नाही. ते आकसून कापडापासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून, मागच्या कापडावरून सरळ खाली जातं. वर ऊन-वारा जास्त, त्यात फेल्ट सगळ्या बाजूंनी वाळतं. आणि वरच्या चार ओळींची गळती तळच्या ओळीत जमते.

मी वरच्या ओळीचं मिश्रण काढून बादलीत तासभर भिजवलं, गांडूळखत मिसळून परत भरलं. आता वर प्रत्येक कप्प्याला सकाळी अर्धा पेला, दहा मिनिटांनी पुन्हा अर्धा. पहिलं पाणी मिश्रण मऊ करतं, दुसरं आत मुरतं. तळच्या ओळीला बोट घातल्याशिवाय पाणी नाही. वाफसा असेल तर तसंच सोडायचं. पुदिना खाली आणला, वर ऑफिस टाइम लावला.

भाऊजींनी मग वरून एकच नळी टाकायचा आग्रह धरला. शेत सपाट असतं, भिंत उभी असते. कॉक बंद केला की नळीत उरलेलं पाणी सगळ्यात खालच्या ड्रिपरमधून गळत राहतं. ठिबकच हवं असेल तर प्रत्येक ओळीला वेगळी आडवी नळी आणि वेगळा कॉक घ्या, ड्रिपर बंद केल्यावर न गळणारे घ्या. शेतातली काळी माती तर कप्प्यात मुळीच भरू नका. वाळली की भेगा, भिजली की चिकट गोळा.

हे सगळं फेल्टच्या कप्प्यांचं. प्लास्टिकचे असतील तर आधी तळाची भोकं बुजली आहेत का ते बघा. पावसाळ्यात माझं हे वेळापत्रक पाळू नका, तेव्हा वरच्या ओळीलासुद्धा बोट घालूनच ठरवा.

यंदा भाऊजींनी त्यांच्या घरी कप्पे लावलेत. ओळीगणिक वेगळा कॉक आहे.