परदेशातून पुण्यातला भाड्याचा फ्लॅट: किल्ली एकाकडे, पैसा थेट बँकेत

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. कोथरूडचा टू बीएचके ३०,००० रुपये भाड्याने द्यायचा आहे. पुण्यात मावसभाऊ आहे, पण सगळं त्याच्या गळ्यात टाकायचं नाही. भाडं कुठे घ्यावं, व्हिडिओवर घर कसं पाहावं, हिशेब किती दिवसांनी मागावा?

उत्तर:

मावसभावाकडे किल्ली आणि सही द्या, पैसे मात्र त्याच्या खात्यातून फिरवू नका. मीही इंग्लंडमध्येच असतो, माझा फ्लॅट कर्वेनगरला आहे आणि याच तत्त्वावर तो चालतो. भाडं नातेवाइकाच्या खात्यात गेलं की ते त्याचं उत्पन्न दिसतं, हिशेब तोंडी होतो आणि दोन वर्षांनी नात्यातच कुरकुर सुरू होते.

सहीसाठी मर्यादित कुलमुखत्यारपत्र करा. लिव्ह अँड लायसन्स करारावर सही, त्याची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं, सोसायटी आणि महावितरणची कामं एवढेच अधिकार त्यात लिहा. विक्री, गहाण आणि भाडं स्वीकारणं स्पष्ट शब्दांत वगळा. ते इंग्लंडमध्ये नोटरी करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी दाखला, घ्या किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करा. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे मावसभावाला आधीच सांगून ठेवा. महाराष्ट्रात करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची.

आता पैसा. भाडं तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या रुपयांच्या खात्यात, यायला हवं. आणि इथेच बहुतेकांचं अडतं, कारण मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला पहिल्या रुपयापासून टीडीएस कापावा लागतो. निवासी मालकाच्या बाबतीत असलेली ५०,००० रुपयांची मर्यादा तुम्हाला लागू नाही. दर ३० टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तुमच्या ३०,००० मधून ९,३६० रुपये सरकारजमा होतील आणि २०,६४० खात्यात येतील. त्यासाठी भाडेकरूला टॅन हा करकपातीचा क्रमांक काढावा लागतो, कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावी लागते (मार्चची ३० एप्रिलपर्यंत) आणि दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं. न कापल्यास जबाबदारी त्याच्यावर येते, म्हणून करार करण्याआधीच त्याला हे समजावून सांगा. सीएची तिमाही फी मी स्वतः देतो. भाडेकरू टिकवायचा तर हा खर्च मला रास्त वाटतो.

कापलेला पैसा बुडत नाही. वर्षाचं भाडं ३,६०,०००. तुम्ही भरलेला मिळकतकर समजा १२,०००, तो वजा केल्यावर ३,४८,०००. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट १,०४,४०० गेली की करपात्र उरतात २,४३,६००. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीतल्या ४ लाखांच्या मर्यादेच्या हे आत आहे. म्हणजे कापलेले १,१२,३२० रुपये विवरणपत्र भरल्यावर पूर्ण परत मिळतात. वर्षभर एवढी रक्कम अडकू द्यायची नसेल तर आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला घ्या. तो भाडेकरूच्या टॅनशी आणि त्या आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, त्यामुळे भाडेकरू बदलला की पुन्हा अर्ज. हेच भाडं ब्रिटनच्या कर-विवरणातही दाखवावं लागतं, तिथल्या सल्लागाराला विचारा.

किरकोळ दुरुस्ती भाड्यातून वळती करू देऊ नका. टीडीएस पूर्ण भाड्यावर कापायचा असतो. नळाचे ८०० रुपये वजा करून भाडं आलं की करार, टीडीएस आणि खात्यातली जमा यांचा मेळ बसत नाही. भाडेकरूने बिलाचा फोटो पाठवावा, तुम्ही एनआरओमधून वेगळे पैसे द्यावेत. ब्रिटिश मोबाइल क्रमांकावर एनआरओ खात्याचं यूपीआय चालू शकतं. तुमची बँक ही सोय देते का ते विचारून घ्या. अनामत रक्कमही याच खात्यात मुदत ठेव करून ठेवा.

हिशेबाचं वेळापत्रक मी टीडीएसच्या तारखांनाच जोडलं आहे, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. दर महिन्याच्या ८ तारखेला भाडेकरूकडून टीडीएसचं चलन आणि सोसायटीच्या देखभालीची पावती येते. विजेचं बिल मी ग्राहक क्रमांक टाकून स्वतःच महावितरणच्या अॅपवर पाहतो, आणि त्यातली रक्कम नव्हे, युनिट पाहतो. युनिट एकदम घसरले तर घर बंद आहे. दुप्पट झाले तर माणसं वाढली आहेत किंवा एखादं उपकरण बिघडलं आहे; माझ्याकडे एकदा गीझरचा थर्मोस्टॅट अडकला होता.

तिमाहीचं काम जून, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या मध्यावर. तोवर मागच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरलेलं असायला हवं. भाडेकरूच्या चलनावर न थांबता फॉर्म २६एएस या आयकर खात्याच्या कपात-नोंदीत स्वतःच्या पॅनवर रक्कम दिसते का ते पाहा. चलन आहे पण नोंद नाही, तर बहुधा विवरण राहिलं आहे किंवा पॅन चुकला आहे. लगेच सांगितलं तर दुरुस्त होतं, विवरणपत्र भरायच्या वेळी कळलं तर परतावा अडकतो.

त्याच आठवड्यात व्हिडिओ. करारात २४ तासांची सूचना देऊन पाहणीची अट घाला. वेळ पुण्याची दुपारी साडेबाराची, कारण उजेड हवा. उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे आठ असतात. एकदा भाडेकरूने फोन धरावा, पुढच्या वेळी मावसभावाने. नुसता कॉल पुरत नाही. कॉलआधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मागवा, आणि तो दर वेळी त्याच क्रमाने हवा: दार, मीटर, स्वयंपाकघरातल्या सिंकच्या खालचा भाग, दोन्ही बाथरूम, बाथरूमला लागून असलेल्या भिंती बाहेरून, खिडक्यांचे खालचे कोपरे, बाल्कनीची जाळी. क्रम एकच असला की मागचा आणि आताचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघता येतो.

एका ऑगस्टमध्ये याच तुलनेत बेडरूमच्या स्कर्टिंगवर वीतभर रंगाला फुगे आलेले दिसले. जूनच्या व्हिडिओत ती भिंत कोरडी होती. भाडेकरूचं म्हणणं पाऊस, पण ती भिंत आतली, पलीकडे बाथरूम. त्यांना चार दिवस दुसरं बाथरूम वापरायला सांगितलं. डाग वाढायचा थांबला. दाबाची पाइप फुटली असती तर वापर बंद करूनही ओल वाढत राहिली असती. थांबली म्हणजे पाणी फरशीच्या सांध्यातून किंवा नहाणी ट्रॅपभोवतून मुरत होतं. त्यामुळे प्लंबरला भिंत फोडू दिली नाही. ट्रॅपभोवतीचं काम आणि फरशीचे सांधे एवढंच करून घेतलं. नंतर ट्रॅप बंद करून २४ तास बाथरूममध्ये पाणी साठवलं आणि खालच्या घरमालकांनी त्यांच्या छताचा फोटो पाठवला, तेव्हाच प्लंबरचे उरलेले पैसे दिले.

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा आणि सोसायटीच्या व्यवस्थापकाचा नंबर म्हणूनच आजच घेऊन ठेवा. गळती आधी त्यांनाच दिसते आणि त्यांचा तुमच्या भाड्याशी काही संबंध नसतो. मिळकतकराचं बिलही एकदा तपासा: पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असलेल्या घरालाच आहे, त्यामुळे भाड्याने दिल्यावर ती सोडावी लागेल. वरच्या हिशेबात मिळकतकराचा वाढीव आकडा धरा.